पेशी औषध बाहेर कसं फेकतात, आणि तो पंप बंद करणं इतकं अवघड का

प्रश्न: मावशीला (वय ६१) एएमएल, म्हणजे तीव्र रक्तकर्करोग झाला होता. सायटाराबिन सात दिवस आणि लाल औषध, डॉनोरुबिसिन, तीन दिवस अशी केमो झाली. रोग दबला, पण आठ महिन्यांनी परत आला. डॉक्टर म्हणाले, "पेशी आता औषध बाहेर फेकत असतील." मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतोय, म्हणून अशा पंपांसाठीचा एबीसी ट्रान्सपोर्टर हा शब्द माहीत आहे. पण एकच पंप इतकी वेगवेगळी औषधं ओळखतो कशी? आणि मावशी बीपीसाठी व्हेरापामिल घेते. तेच औषध हा पंप बंद करतं असं वाचलं. मग तिला त्याचा उपयोग का झाला नाही?

उत्तर:

मी गेली बावीस वर्षं रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करते आणि त्यातला बराच काळ याच एका पंपामागे गेला आहे. मावशींचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल मी काही सुचवणार नाही. पण पंपाबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. त्यातली एक गोष्ट त्यांच्या औषधांच्या जोडीतच दडलेली आहे, तिच्याकडे शेवटी येते.

सुरुवात लाल औषधापासून करू या. डॉनोरुबिसिन नुसतं लाल नाही, योग्य प्रकाश टाकला की ते चमकतं. त्यामुळे ते पेशीत कुठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं. औषधाला दाद देणाऱ्या पेशी त्यात अर्धा तास ठेवल्या, तर त्यांचं केंद्रक नारिंगी-लाल उजळतं, कारण औषध जाऊन डीएनएला चिकटलेलं असतं. दाद न देणाऱ्या पेशी त्याच भांड्यात, तेवढाच वेळ ठेवल्या तर केंद्रक जवळजवळ काळंच राहतं. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात सहज येतं की औषध आत शिरलंच नाही. सुरुवातीच्या संशोधकांनाही तसंच वाटलं होतं.

तसं नाही हे डेन्मार्कच्या केल्ड डानो यांनी १९७३ साली दाखवलं. त्यांच्याकडे उंदरांच्या अर्लिख कर्करोगाच्या अशा पेशी होत्या, ज्यांच्यावर डॉनोरुबिसिन चालत नव्हतं. त्यांनी या पेशींची ऊर्जा तोडली. ग्लुकोज काढून घेतलं आणि चयापचय अडवणारी रसायनं घातली. त्याबरोबर त्याच हट्टी पेशींमध्ये औषध साठायला लागलं. मग ग्लुकोज परत दिलं, तर आत साठलेलं औषध बाहेर पडू लागलं. दार नुसतं बंद असतं, तर ऊर्जा काढून घेतल्याने ते उघडायचं काही कारण नव्हतं. औषध आत येतच होतं, आणि पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर टाकत होती. दुसरी खूण त्याहून बोलकी होती. व्हिन्क्रिस्टिनसारखी, रचनेने अगदी वेगळी औषधं सोबत घातली की डॉनोरुबिसिनचा साठा वाढायचा. याचा अर्थ ती दोन्ही एकाच वाटेने बाहेर जात होती आणि त्या वाटेवर त्यांची आपसांत गर्दी होत होती.

त्या वाटेचं प्रथिन सापडलं १९७६ मध्ये, टोरांटोत, रुडी ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना. त्यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशी कोल्चिसिनचा डोस हळूहळू वाढवत तगवल्या होत्या. (कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात कोकणात पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलते ती.) कोल्चिसिनला सरावलेल्या या पेशी कधी न पाहिलेल्या औषधांनाही दाद देत नव्हत्या, आणि त्यांच्या पेशीपटलावर सुमारे १,७०,००० रेणुभाराचं एक साखर जडलेलं प्रथिन भरपूर होतं. लिंग यांनी त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हटलं. हा 'पी' म्हणजे पर्मिअ‍ॅबिलिटी, पारगम्यता. दार घट्ट झालं असावं ही जुनी समजूत त्या नावात कायमची राहून गेली. १९८६ मध्ये जनुकाचा क्रम वाचला तेव्हा दिसलं की या प्रथिनाचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांसारखे आहेत, आणि जिथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बसतं तो भाग जीवाणूंच्या वाहक प्रथिनांशी मिळताजुळता आहे. म्हणजे माणसाच्या कर्करोगाला हा पंप नव्याने शोधून काढावा लागला नव्हता. जीवाणू फार पूर्वीपासून तो वापरत आले आहेत. एबीसी या नावाचा अर्थच 'एटीपी बसण्याची कॅसेट' असा आहे, आणि माणसात या घराण्याची ४८ जनुकं आहेत. आपल्या पंपाचं अधिकृत नाव एबीसीबी१.

आता तुमचा पहिला प्रश्न. डॉनोरुबिसिनचं रेणुभार ५२७, व्हिन्क्रिस्टिनचं ८२५, पॅक्लिटॅक्सेलचं ८५४. एक डीएनएला चिकटतं, दुसरं पेशीच्या सूक्ष्मनलिका जुळू देत नाही, तिसरं त्या सुटू देत नाही. एक बुरशीसदृश जीवाणूपासून आलं, दुसरं सदाफुलीतून, तिसरं यू वृक्षाच्या सालीतून. एन्झाइम आणि सब्स्ट्रेट म्हणजे कुलूप आणि किल्ली असं शिकलेल्याला हे पचत नाही, मलाही पचलं नव्हतं. इथे कुलूप-किल्लीचं चित्र बाजूला ठेवावं लागतं.

औषध पंपाला गाठतं कुठे, हे आधी पाहा. ही सगळी औषधं स्निग्धप्रेमी आहेत. पेशीत शिरताना ती पटलाच्या दोन थरांच्या चरबीत मुरतात आणि आतल्या थरात काही काळ रेंगाळतात. पंपाच्या मधोमध एक मोठी पोकळी असते, आणि तिच्या बाजूच्या फटी नेमक्या पटलाच्या आतल्या थराकडे उघडतात. म्हणजे औषध पेशीच्या पाण्यात पोचायच्या आधीच, चरबीतून परस्पर पंपात सरकतं. पोकळीच्या भिंतीवर फेनिलअलनिनसारखी पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं दाटलेली आहेत. तिथे एकच ठरलेली जागा नसते. एखादं औषध या कोपऱ्यात टेकतं, दुसरं त्या कोपऱ्यात, आणि मोठ्या पोकळीत दोन रेणूही मावू शकतात. २००९ मध्ये उंदराच्या पंपाची रचना उलगडली तेव्हा ही पोकळी सुमारे ६,००० घन अँगस्ट्रॉमची निघाली. एवढ्या जागेत व्हिन्क्रिस्टिनसारखा थोराड रेणूही आरामात बसतो.

म्हणून 'पंप औषध ओळखतो' हे वाक्य मी टाळते. पंपाच्या लेखी औषध ही गोष्टच नाही. जे पटलाच्या चरबीत मुरतं, मध्यम ते मोठ्या आकाराचं असतं आणि बऱ्याचदा ज्यावर थोडा धनभार असतो, ते सगळं तो उपसून टाकतो. केमोची अनेक औषधं वनस्पती आणि जीवाणूंनी स्वतःच्या बचावासाठी बनवलेली विषं आहेत आणि ती नेमकी या वर्णनात बसतात. पेशीने एक औषध सोसण्यासाठी पंप वाढवला की त्या वर्णनातल्या बाकीच्या औषधांपासूनचं संरक्षण तिला आपोआप मिळतं. बहुऔषधी प्रतिकार म्हणतात तो हाच.

एटीपीचं काम असं. पोकळीच्या खाली, पेशीच्या आतल्या बाजूला, एटीपी धरणाऱ्या दोन कॅसेट असतात. औषध आत आलं की त्या एकमेकींकडे सरकतात आणि दोन एटीपी रेणू मधे धरून बंद होतात, दोन तळव्यांत काही दाबून धरावं तशा. त्या जवळ आल्या की त्यांना जोडलेल्या पटलातल्या बारा सर्पिल दांड्या तिरप्या होतात, पोकळी आतून मिटते आणि बाहेरच्या बाजूला उघडते. उघडताना भिंतींची ठेवण बदलल्यामुळे औषधाची पकड सुटते आणि ते बाहेर पडतं. मग एटीपी फुटून एडीपी आणि फॉस्फेट होतं, तळवे सुटतात आणि पंप पुन्हा आतल्या बाजूला तोंड करून उभा राहतो. जोर नेमका एटीपी धरण्यातून येतो की फुटण्यातून, यावर अजून वाद चालतो. मला धरणं हा औषध ढकलण्याचा टप्पा आणि फुटणं हा पंप मूळ स्थितीत आणण्याचा टप्पा, हे चित्र पुराव्यांच्या जास्त जवळचं वाटतं. व्हॅनडेट हे रसायन घातलं की पंप एका एटीपीचं विघटन करून तिथेच अडकतो, आणि एक बाजू अडकली की दुसरीही थांबते. यावरून दोन्ही कॅसेट आलटून-पालटून काम करतात हे कळलं.

इथे एक तपशील फारसा कुणी सांगत नाही. या पंपाला एटीपीची ओढ तशी कमी आहे, अर्ध्या वेगाने चालायला त्याला मिलीमोलरच्या आसपास एटीपी लागतं. पण जिवंत पेशीत साधारण तेवढं किंवा त्याहून जास्त एटीपी कायम असतं. त्यामुळे पेशीची उपासमार करून पंप थांबवायचा, हा मार्ग भांड्यात चालतो, माणसात चालत नाही. पंप बंद पडण्याइतकं एटीपी खाली आणायचं, तर हृदय त्याच्या आधी थांबेल.

हाच धडा मला एकदा फार महागात शिकायला मिळाला. तेव्हा मी एका प्रयोगशाळेत नवीन होते. के५६२ या ल्युकेमियाच्या पेशींची औषधाला न जुमानणारी जोडी आमच्याकडे होती. रोडामाइन १२३ हा चमकणारा रंगही हाच पंप बाहेर टाकतो, म्हणून तो वापरून आम्ही पंपाचं काम मोजत होतो. पेशी रंगात ठेवायच्या, धुवायच्या, ३७ अंशावर तासभर सोडायच्या आणि रंग किती उरला ते पेशींची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर बघायचं. सलग तीन आठवडे हट्टी पेशी रंग धरून बसलेल्या दिसल्या, अगदी साध्या पेशींसारख्या. आम्ही मानलं की या पेशींचा प्रतिकार गेला, आणि नवी तुकडी मागवायची तयारी केली. मग एका ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. धुवायला वापरलेलं बफर अँटिबॉडी लावण्यासाठी बनवलेलं होतं. त्यात सोडिअम अझाइड होतं आणि ग्लुकोज नव्हतं. अझाइडने मायटोकॉन्ड्रिया अडवले, ग्लुकोज नसल्याने दुसरी वाट उरली नाही, एटीपी संपलं आणि पंप जागच्या जागी उभा राहिला. डानोंचा प्रयोग आम्ही नकळत पुन्हा केला होता. ग्लुकोज असलेल्या माध्यमात धुतल्यावर तासाभरात रंग बाहेर. त्या दिवसापासून पंपाचा कुठलाही रिपोर्ट हाती आला की मी आधी दोनच गोष्टी विचारते: पेशी कुठल्या द्रवात होत्या आणि किती अंशावर होत्या. बर्फावर ठेवलेल्या पेशीही रंग बाहेर टाकत नाहीत.

आता व्हेरापामिल. हा प्रश्न १९८१ पासूनचा आहे. जपानमध्ये ताकाशी त्सुरुओ यांच्या गटाने दाखवलं की व्हिन्क्रिस्टिनला न जुमानणाऱ्या पी३८८ ल्युकेमियाच्या पेशींना व्हेरापामिल दिलं की व्हिन्क्रिस्टिन पुन्हा लागू पडतं. बीपीचं स्वस्त औषध आणि केमो परत जिवंत! त्या काळच्या लोकांना किती आशा वाटली असेल, हे मी समजू शकते. व्हेरापामिल स्वतःच पंपात बसतं. पंप ते बाहेर टाकतो, पण ते पटलातून इतक्या झपाट्याने परत येतं की पंप त्यातच गुंतून राहतो.

हिशोब मात्र प्रमाणाचा आहे. भांड्यात पंप नीट बंद करायला साधारण ५ ते १० मायक्रोमोलर व्हेरापामिल वापरतात. बीपीसाठी घेणाऱ्याच्या रक्तात ते मिलिलिटरला साधारण १०० ते ४०० नॅनोग्राम असतं. व्हेरापामिलचा रेणुभार सुमारे ४५५ आहे, म्हणजे हे झालं ०.२ ते ०.९ मायक्रोमोलर. त्यातलं ९० टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. पेशीपर्यंत जाऊ शकणारं मोकळं औषध उरतं ०.०२ ते ०.०९ मायक्रोमोलर. भांड्यातही थोडं सीरम असतं, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही, पण तूट दहापटीहून मोठी आहे हे नक्की. ती भरून काढायला डोस वाढवला तर बीपी कोसळतं आणि हृदयाची विद्युतवाहिनी अडते. हे प्रयत्न माणसांवर झालेले आहेत, आणि ते नेमके तिथेच थांबले.

"दहावा हिस्सा का होईना, थोडा तरी पंप बंद झाला असेल ना?" असं तुम्ही विचाराल. इथे आकडेमोड करून पाहणं फायद्याचं आहे. गळक्या होडीची कल्पना करा. छिद्रातून पाणी येतंय, तुम्ही वाटीने उपसताय. होडीत किती पाणी उभं राहील हे दोन्ही वेगांवर ठरतं. औषध पटलातून आपोआप आत-बाहेर करतं तो वेग १ धरा, आणि हट्टी पेशीत पंपाचा वेग त्याच्या ९ पट धरा. म्हणजे औषध आत येण्याचा वेग १, आणि बाहेर जाण्याचा वेग आपोआपचा १ अधिक पंपाचा ९, एकूण १०. आतलं मोकळं औषध बाहेरच्या एक दशांश राहील, म्हणजे १० टक्के. आता पंप निम्मा बंद केला. पंपाचा वेग ४.५, एकूण ५.५. आतलं औषध १८ टक्क्यांवर गेलं, बस. पंप ९० टक्के बंद केला तर वेग ०.९, एकूण १.९, आतलं औषध ५३ टक्के. पंप ९९ टक्के बंद केल्यावर कुठे ते ९२ टक्क्यांवर जातं. अर्धवट बंदीने जवळजवळ काहीच पदरात पडत नाही, आणि खरा फायदा शेवटच्या काही टक्क्यांत असतो. व्हेरापामिलच्या बीपीच्या डोसाने पंपाचा फार तर लहानसा भाग अडला असेल, आणि या हिशोबात तो दिसणारसुद्धा नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. जे औषध पटलातून फार वेगाने आत येतं, त्याच्यापुढे पंप कमी पडतो, कारण छिद्रच मोठं आहे. इडारुबिसिन हे डॉनोरुबिसिनचं भावंड जास्त स्निग्धप्रेमी आहे आणि झपाट्याने आत शिरतं. पंपाचा त्रास त्याला तुलनेने कमी होतो.

मग खास पंपासाठीच बनवलेली ताकदवान औषधं का चालली नाहीत? ती बनली होती. आधी सायक्लोस्पोरिन, मग त्याचं प्रतिकारशक्तीला धक्का न लावणारं रूप व्हॅल्स्पोडार, मग झोसुक्विडार आणि टारिक्विडार. यातल्या शेवटच्या दोन तर अत्यंत कमी प्रमाणात पंप बंद करतात. एएमएलमध्ये सायक्लोस्पोरिनच्या एका अमेरिकी चाचणीत फायदा दिसला होता, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पुढे साठीच्या वरच्या रुग्णांत व्हॅल्स्पोडारची चाचणी सुरुवातीच्या मृत्यूंमुळे आवरती घ्यावी लागली. झोसुक्विडारच्या चाचणीत ६० वर्षांवरचे ४४९ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांचं आयुष्य न मिळालेल्यांपेक्षा वाढलं नाही.

मी या अपयशाची दोन कारणं मानते. पहिलं असं, की हा पंप कर्करोगाचा नाही, आपला आहे. आतड्याच्या अस्तरावर तो अन्नातली विषं परत आतड्यात ढकलतो. यकृतात तो औषधं पित्तात सोडतो. मेंदूच्या केशवाहिन्यांत तो पहारा देतो. १९९४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आल्फ्रेड शिंकल आणि सहकाऱ्यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर बनवले. ते दिसायला अगदी धडधाकट होते. मग माइट नावाच्या बारीक किडींसाठी नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं, आणि हे उंदीर पटापट मरू लागले. साधे उंदीर जे सहज सोसतात, त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शानेही हे उंदीर दगावत होते, कारण औषध थेट मेंदूत जात होतं. माणसात व्हॅल्स्पोडार दिलं की पित्तातून डॉनोरुबिसिन बाहेर जाणं मंदावतं, रक्तातली पातळी चढते आणि केमोचा डोस कापावा लागतो. पंप बंद करून कर्करोगाच्या पेशीत जे कमावलं, ते अस्थिमज्जेतल्या निरोगी मूळपेशींतही पोचतं, कारण हा पंप त्यांच्याकडेही आहे. रोजच्या वैद्यकातही हे दिसतं. डिगॉक्सिन घेणाऱ्याला व्हेरापामिल सुरू केलं की रक्तातलं डिगॉक्सिन दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं, म्हणून जाणते डॉक्टर आधीच डिगॉक्सिन कमी करतात. व्हेरापामिलच्या रोजच्या डोसाने पंपावर एवढा परिणाम शरीरात कुठे ना कुठे होतो खरा, पण तो आतडं आणि मूत्रपिंडात. ल्युकेमियाच्या पेशीत लागतो तेवढा नाही.

दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. झोसुक्विडारच्या चाचणीत पंप असलेले आणि नसलेले असे सगळेच रुग्ण घेतले होते. ज्याच्या पेशींत पंप कामच करत नाही, त्याला पंप बंद करणारं औषध देऊन काय मिळणार? पंपाचं जनुक चालू आहे हे आरएनए मोजून कळतं, पण अस्थिमज्जेच्या नमुन्यात निरोगी लिम्फोसाइट मिसळलेले असतात आणि त्यांच्यातही तो पंप असतो. कधी प्रथिन आहे, पण पटलावर नाही. म्हणून मोजायचं ते काम. रुग्णाच्या पेशी दोन नळ्यांत घ्यायच्या, दोन्हींत रंग भरायचा, एकीत पंप बंद करणारं औषध घालायचं, ३७ अंशावर एक तास सोडायच्या. सीडी४५ आणि सीडी३४ च्या खुणांनी फक्त ल्युकेमियाच्या पेशी वेगळ्या निवडायच्या, मेलेल्या पेशी वगळायच्या, आणि दोन्ही नळ्यांतल्या चमकेतला फरक बघायचा. औषधाने रंग टिकला आणि त्याशिवाय गेला, तरच पंप काम करतोय. आमच्याकडे एक पडताळा नेहमी असतो. त्याच नळीतल्या निरोगी नैसर्गिक मारक पेशी हा रंग हमखास बाहेर टाकतात. त्यांनीही तो टाकला नाही, तर दोष रुग्णाचा नसून नळीचा आहे, आणि मी तो नमुना रिपोर्ट न करता पुन्हा मागवते.

एबीसीबी१ हा या घराण्यातला एकटा नाही. १९९२ मध्ये कॅनडात सुझन कोल आणि रॉजर डीली यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत एमआरपी१ सापडला. तो पेशीतल्या ग्लुटाथायोन या छोट्या रेणूला जोडलेले रेणू बाहेर टाकतो आणि व्हिन्क्रिस्टिन ग्लुटाथायोनच्या सोबतीने नेतो. १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतून बीसीआरपी मिळाला. तो निम्म्या आकाराचा असून जोडी जमवूनच काम करतो, आणि टोपोटेकान व मायटोझॅन्ट्रोनसारखी औषधं बाहेर टाकतो. एक पंप बंद केला तरी दुसरे उरू शकतात, हे या यादीतून घ्यायचं. बाकी तपशील तुमच्या पुस्तकात मिळतील.

आणि आता ते, जे मी शेवटासाठी ठेवलं होतं. मावशींना दोन औषधं मिळाली. डॉनोरुबिसिन हा या पंपाचा आवडता घास आहे. सायटाराबिन नाही. ते पाण्यात विरघळणारं आहे, पटलाच्या चरबीत मुरत नाही, न्यूक्लिओसाइडसाठीच्या वेगळ्या दारातून आत येतं. आत गेल्यावर त्याला तीन फॉस्फेट जोडले जातात आणि मग ते बाहेर पडू शकत नाही. पी-ग्लायकोप्रोटीन त्याला हात लावत नाही. सिस्प्लॅटिन, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइडही या पंपाच्या वर्णनात बसत नाहीत. म्हणजे पेशी नुसत्या पंपावर जगल्या असत्या, तर त्या सायटाराबिनने मरायला हव्या होत्या. मावशींचा रोग दोन्ही औषधांतून वाचलेल्या पेशींतून परत आला आहे. त्यामागे पंप असेलही, पण एकटा पंप हे उत्तर पुरत नाही. सायटाराबिनला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम कमी झालेलं असू शकतं. पेशीचा मरण्याचा मार्गच अडलेला असू शकतो, टीपी५३ हे जनुक बिघडल्यावर होतो तसा. किंवा औषध बरोबर पोचलं, पण काही मूळपेशी त्या दिवसांत विभाजनच करत नव्हत्या. मी डॉक्टरांना चूक म्हणत नाही. रुग्णाच्या घरच्यांना दोन मिनिटांत समजेल असं तेच एक चित्र असतं, आणि रोजच्या ओपीडीत मीही कदाचित तेच दिलं असतं.

एक सूचना, कारण हे मला वारंवार विचारतात. हळदीतलं कर्क्युमिन हा पंप बंद करतं असे भांड्यातले निकाल आहेत, आणि त्यावरून कॅप्सूल विकल्या जातात. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं पोचतं, आणि मी वर केलेला हिशोब तुम्ही त्यालाही लावून पाहू शकता. केमो चालू असताना असं काहीही डॉक्टरांना न सांगता देऊ नका. मावशींची बीपीची गोळीही मनाने वाढवू किंवा थांबवू नका, फक्त ती पुढच्या डॉक्टरांच्या यादीत लिहिलेली आहे ना, ते बघा. व्हेरापामिल यकृतातल्या औषध मोडणाऱ्या एन्झाइमलाही अडवतं, आणि नव्या औषधांचा डोस ठरवताना त्यांना ते माहीत असायला हवं.

पुढच्या भेटीत पंपाबद्दल विचारण्याआधी हे विचारा: आत्ताच्या, परत आलेल्या रोगाच्या नमुन्यावर जनुकीय तपासणी पुन्हा झाली आहे का? एफएलटी३ या जनुकातला बदल सुरुवातीला नसला, तरी रोग परतताना दिसू शकतो. तो असेल तर गिल्टेरिटिनिबसारख्या गोळ्यांचा विचार करता येतो. पहिल्या निदानाच्या वेळचा रिपोर्ट त्यासाठी पुरत नाही. नवा नमुना लागतो, आणि तो केमो सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो.